रुजू होण्याच्या मेलमध्ये तुझे नाव उलटे आले आहे

सातारा, रविवार

चि. सायली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चाकणच्या कारखान्याकडून आलेला स्वागताचा मेल तू मला पाठवलास, तो मी दोनदा वाचला. वेळ, कागदपत्रे, संपर्क, पोशाख हे सारे त्यात व्यवस्थित दिले आहे. तरीही माझी नजर अडली ती पहिल्याच ओळीवर. मेलची सुरुवात 'डिअर शिंदे' अशी आहे. तुला ते औपचारिक संबोधन वाटले असेल, पण कारखान्याच्या टाइम ऑफिसात उभे आयुष्य काढल्यामुळे मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव छापलेले असते. ते पाहून कोणीतरी तुझी माहिती संगणकात त्याच क्रमाने भरली असावी आणि 'पहिले नाव' या रकान्यात आडनाव जाऊन बसले असावे. खाली तात्पुरता कर्मचारी तपशील आहे, त्यात आडनावाच्या जागी माझे नाव आले आहे, म्हणजे शंकेला जागा उरत नाही.

ही चूक आज एका मेलने सुटेल, पण रुजू झाल्यावर तिचीच नक्कल ओळखपत्रावर, पगाराच्या खात्याच्या अर्जावर आणि भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीत उतरेल. तुझा बारा अंकी यूएएन पहिल्या नोकरीत आधारवरच्या नावाने तयार झालेला आहे आणि नोकरी बदलली तरी तो बदलत नाही. नव्या कंपनीने वेगळ्या क्रमाने नाव पाठवले, की ते आधारशी जुळत नाही, आणि मग जुन्या खात्यातील रक्कम नव्या खात्यात वर्ग करताना अर्ज अडकतो. माझ्या स्वतःच्या नावात कोणा कारकुनाने एक अक्षर चुकवले होते आणि निवृत्तीनंतर त्यापायी पेन्शन सुरू व्हायला कित्येक महिने लागले, हे तुला आठवत असेल. म्हणून उद्याच मेलच्या शेवटी ज्या एचआरच्या बाईंचे नाव आणि क्रमांक दिला आहे, त्यांना लिही. ज्या पत्त्यावरून मेल आला तो केवळ पाठवण्यासाठी आहे, तिथे उत्तर दिलेस तर ते कोणी वाचणार नाही. आधार आणि पॅनवर नाव जसे आहे तसेच अक्षर न अक्षर लिहून दे आणि दोन्हींच्या प्रती सोबत जोड.

रुजू होताना फॉर्म ११ भरून घेतील. त्यात 'पूर्वी भविष्यनिर्वाह निधीचे सभासद होता का' असा प्रश्न असतो. घाईत 'नाही' लिहू नकोस, नाहीतर दुसरा यूएएन तयार होण्याचा धोका असतो. 'होय' लिहून जुनाच क्रमांक दे.

मूळ प्रमाणपत्रे पडताळणीसाठी मागितली आहेत, ती दाखवून त्याच बैठकीत परत घे. 'संध्याकाळी घेऊन जा' असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे सांग की मी इथेच थांबते. रद्द केलेल्या धनादेशावर दोन आडव्या रेघा मारून मध्ये मोठ्या अक्षरांत कॅन्सल्ड लिही, सही मात्र करू नकोस.

वेळेबाबत मेलमधले वाक्य नीट वाच. साडेनऊ ही प्रशिक्षण कक्षात हजर राहण्याची वेळ आहे, गेटवर पोहोचण्याची नव्हे. गेटवर ओळखपत्र पाहणे, लॅपटॉप असल्यास त्याचा क्रमांक वहीत लिहून घेणे आणि पास देणे यात सहज अर्धा तास जातो, त्यात सोमवारी नवे लोक आणि ठेकेदारांची माणसे एकाच खिडकीवर असतात. बसचा पास रुजू झाल्यावरच मिळणार असल्याने पहिल्या दिवशी मोशीहून स्वतःच्या सोयीने जावे लागेल, आणि चाकणच्या तळेगाव चौकात सकाळी वाहने कशी तुंबतात हे तू जाणतेस. पावणेनऊला गेटवर पोहोचशील अशा बेताने नीघ. गेटवरच्या सुरक्षा कार्यालयाचा क्रमांक कागदावरही लिहून ठेव.

पोशाखाविषयी मेलमध्ये 'फॉर्मल, बंद बूट' एवढेच आहे, पण दुपारी कारखान्याची फेरी आहे. चालत्या यंत्राजवळ ओढणी, बांगड्या आणि मोकळे केस धोक्याचे असतात, त्यामुळे शर्ट-पँट घाल आणि केस घट्ट बांध. आईने दिलेल्या बांगड्या त्या दिवशी घरीच राहू देत, तिला मी समजावले आहे. बूट नवे घेतलेस तर आधी दोन-तीन दिवस घरात वापर.

एचआरकडून दुरुस्त नावाचा मेल आला की मला पाठव, मी तो आधारच्या प्रतीशी ताडून पाहीन.

तुझे,
बाबा