मनोऱ्याचे प्रश्न

नाशिक

चि. मयूरी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुला तपोवन एक्स्प्रेसमध्ये बसवून परतताना तुझी आई रिक्षात म्हणाली, "गाडी हलेपर्यंत तेच तेच बोलत होतात." म्हणून ठरवलं आहे, या पत्रात कायमस्वरूपी नोकरीचा विषय काढायचा नाही. तू लोकसंख्या मनोऱ्यावर वर्गात विचारायला प्रश्न मागितलेस, तेवढेच लिहितो. मी काही भूगोलाचा माणूस नाही, पण जिल्हा परिषदेच्या शाळांत सगळी हयात पट मोजण्यात गेली. त्यातून सुचलेले आहेत.

पहिला प्रश्न २०११ च्या जनगणनेवर काढ. देशाच्या मनोऱ्यातल्या तळाच्या तीनच पट्ट्या फळ्यावर काढायच्या. ० ते ४ वयाची मुलं ११.२८ कोटी, ५ ते ९ ची १२.६९ कोटी, १० ते १४ ची १३.२७ कोटी. मग विचार, ही मुलं आता कुठे आहेत? पुस्तकातली आकृती जागची हलत नाही, म्हणून निम्मा वर्ग तळाकडेच बोट दाखवेल. पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही तारीख धरून होणार आहे, म्हणजे आधीच्या गणनेनंतर बरोबर सोळा वर्षांनी. तळातली पट्टी तोवर १६ ते २० वर सरकलेली असेल आणि तिसरी २६ ते ३० वर. अकरावीपासून पदवीच्या वर्गापर्यंत तुझ्या कॉलेजात जी पोरं बसतात, ती बहुतेक त्या तळातल्या पट्टीतली. आणि तिसरी, सगळ्यांत लांब, ती तुझी. तू, संजू, राणेनगरची ती तुझी मैत्रीण, सगळे त्यातलेच. नोकरीच्या रांगेत आज एवढी गर्दी का, याचं अर्धं उत्तर तिथे आहे. तिसऱ्या पट्टीपेक्षा तळातली पंधरा टक्क्यांनी आखूड आहे, म्हणजे शिकवायला उभे राहिलेले जास्त आणि शिकायला येणारे कमी. म्हणून मी तासिका तत्त्वाबद्दल... असो. तो विषय नाही.

दुसरा प्रश्न असा टाक की त्यांनी पहिल्याच उत्तरावर शंका घ्यावी. ही पंधरा टक्क्यांची घट सगळी खरी आहे का? आपल्याकडे वय सांगताना माणूस शून्यावर नाही तर पाचावर थांबतो. नऊ-साडेनऊ वर्षांच्या पोराला घरचे दहाचा सांगतात, की तो एका पट्टीतून उचलून वरच्या पट्टीत गेला. तान्ही मुलं तर मोजायचीच राहून जातात; प्रगणकाने "घरात किती माणसं?" म्हटलं की पाळण्यातलं बाळ कुणाच्या तोंडी येत नाही. म्हणजे तळाची पट्टी असते त्याहून आखूड दिसते आणि १० ते १४ ची असते त्याहून थोडी लांब. हे ओळखायचं कसं, तर पाच-पाच वर्षांचे गट मोडून एकेका वर्षाचे आकडे मांडायला लाव. ३०, ३५, ४० वर खांब उभे राहतात आणि शेजारच्या ३१, ३९ वर खड्डे पडतात. माणसं काही तशी जन्माला येत नाहीत. घट खरी आहेच, जन्म कमी झालेच आहेत, पण पंधराचा आकडा जसाच्या तसा शाळेला लावला तर फसायला होईल.

यात माझंच उदाहरण सांग हवं तर. माझी जन्मतारीख १ जून. अण्णांची १ जून, काकांचीही १ जून. आमच्या पिढीचा अर्धा महाराष्ट्र गुरुजींनी शाळेत नाव घालताना जन्माला घातला. गंमत पुढे होते. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मे आला की एकाच सभागृहात नारळ-शाल घ्यायला रांग लागते आणि जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा जागा रिकाम्या. कागदावरचं वय नोकऱ्यांवर कसं उमटतं, ते मुलांना यावरून लगेच कळेल.

तिसरा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, थोडा लांबेल. समज, दोन गावांत पहिली ते पाचवीच्या शाळा आहेत. एकीचा पट ६४, दुसरीचा ८८. दोन्हीकडे मुलं सारखीच, पंधरा टक्क्यांनी घटली. शिक्षक किती उरतील? शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात साठपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. पहिल्या शाळेत ६४ चे ५४ झाले, तिथे तिनाचे दोन होतात. एक जण अतिरिक्त ठरतो आणि समायोजनाच्या यादीत जातो. दुसरीत ८८ चे ७५ झाले, तिथे पानही हलत नाही. मनोरा उताराने बारीक होतो, पण पदं पायरीने पडतात. आणि पद गेलं तरी वर्ग पाचच राहतात. उरलेल्या दोघांपैकी एकाला तीन इयत्ता एकाच खोलीत घ्याव्या लागतात, मग ज्याला जमतं तो बाप पोराला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालतो, आणि पट आणखी घसरतो. ही शेवटची घसरण जन्मदराची नव्हे. ती ओळखायची असेल तर गावातल्या सहा वर्षांच्या एकूण मुलांशी पहिलीचा पट ताडून बघावा. मुलं तेवढीच आणि पट कमी, तर दोष मनोऱ्याचा नाही. मी सांगून दमलो होतो हे, पण बैठकीत ऐकतं कोण?

देशाचा मनोरा गावाला चिकटवू नका, हेही बजाव. सातपूर-अंबडला कामासाठी माणसं येतात. अशा वस्तीच्या मनोऱ्यात २० ते ३४ च्या पुरुषांची बाजू फुगलेली दिसली, तर ती तिथल्या जन्मांनी फुगलेली नसते. त्यांनी बायकापोरं आणली की तिथली शाळा भरते आणि मूळ गावची रिकामी होते.

पुन्हा भाषण झालं. आई वाचून हसेल.

चौथा प्रश्न मात्र माझ्यासाठीच विचारल्यासारखा आहे. पट्टी आखूड झाली की कॉलेजंही रिकामी पडतात का? यावर मी बरेच दिवस विचार करतो आहे. प्राथमिकला जवळपास सगळीच मुलं नाव घालतात, त्यामुळे पट्टी घटली की पट घटतोच. उच्च शिक्षणाचं तसं नाही. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत १८ ते २३ वयोगटाच्या मानाने प्रवेशाचं प्रमाण २८.४ टक्के होतं. शंभर मुलं होती तेव्हा अठ्ठावीस आली. पंच्याऐंशीच उरली पण चाळीस टक्के यायला लागली, तर बाकांवर चौतीस होतील. वर्ग भरलेला राहील. हे लिहून झाल्यावर मला जरा बरं वाटलं. मग आठवलं की वर्ग भरलेला असणं आणि जागा भरणं या दोन गोष्टी वेगळ्या. विद्यार्थी वाढले तरी पद मंजूर होईलच असं मनोरा सांगत नाही, ते वित्त विभाग सांगतो. मुलांना हा फरक नक्की विचार. तुझ्या वर्गातली पोरं हुशार आहेत असं तू म्हणालीस, त्यांना जमेल.

तुझा भूगोल लहानपणापासून चांगला. चौथीत तू भिंतीवर गोदावरी काढली होतीस आणि थेट नांदेडपर्यंत नेली होतीस. आई रागावली, मी पुसू दिली नाही. आता तिथेच जाऊन राहिलीस.

डब्यातला चिवडा आधी संपव, लाडू टिकतील. काकांकडचं प्रकरण मिटलं, तू फोन करू नकोस. आणि सेटचा फॉर्म निघाला का? भरलास का? विचारणार नव्हतो.

तुझे,
बाबा