रविवारी आंबेनळी घाट उतरताना ब्रेककडे लक्ष द्या

मंडळी, रविवारी महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरतोय, जवळपास 40 किमी घाट आहे आणि गाड्या सगळ्या फुल लोडेड, म्हणून आत्ताच सांगतोय. उतार सुरू व्हायच्या आधीच सेकंड टाका, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा L. इंजिन 3000-3500 आरपीएमला ओरडलं तरी घाबरू नका, त्याला काही होत नाही. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, स्पीड वाढला की एकदा नीट दाबून कमी करा आणि पाय पूर्ण काढा. न्यूट्रल तर अजिबात नाही.

जळका वास आला की थांबायचंच. पेडल कडक पण गाडी थांबत नाही म्हणजे पॅड तापलेत, पेडल स्पंजसारखं खाली जातंय म्हणजे ब्रेक ऑइल उकळतंय, हे जास्त वाईट. तेव्हा भराभर पंप करा, खालचा गिअर टाका, हँडब्रेक हळूहळू ओढा.

थांबल्यावर चाकावर पाणी ओतू नका (दरवेळी कोणीतरी बाटली घेऊन धावतंच), डिस्क वाकते. गाडी गिअरमध्ये, चाकाला दगड, अर्धा तास चहा. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर शनिवारपर्यंत बदलून घ्या.