माझी बॅग सांभाळणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमात बोलणाऱ्यांची रांग मोठी होती आणि हॉटेलवाल्याला हॉल रिकामा हवा होता, त्यामुळे माझं बोलणं राहिलं. तिथं बोललो असतो तर पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांना झोंबलंही असतं. इथं झोंबलं तर झोंबू दे.

औषध कंपनीचा एमआर म्हणून मी कोल्हापुरात नंबर काढत होतो, म्हणून मला एरिया मॅनेजर केलं. पत्राबरोबर पाच जणांच्या टार्गेटचा तक्ता आला आणि वरून फोन आला, "तू धंदा काढणारा माणूस आहेस, आता पाच गावांत काढ." काम बदललंय, असं कुणी म्हणालं नाही. प्रशिक्षण म्हणून दोन दिवस हॉटेलात बसवलं. जेवण फार चांगलं होतं. त्यानंतर रोज संध्याकाळी ग्रुपवर एकच प्रश्न यायचा, "आज किती?"

मग मी सांगितलेलंच करत राहिलो. हाताखालच्या पोराबरोबर डॉक्टरकडे जायचं, तो दोन वाक्यं बोलला की पुढचं मी बोलायचं आणि शब्द घेऊन बाहेर पडायचं. आमच्या धंद्यात याला जॉइंट वर्क म्हणतात. पण मी गेलो की चार दिवस प्रिस्क्रिप्शन यायची आणि मग आटायची. डॉक्टर पोराला विचारायचे, "तुमचे साहेब कधी येणार?" हे मला तेव्हा कौतुक वाटायचं. त्या पोराचा शब्द डॉक्टरांच्या लेखी संपत चाललाय, हा त्याचा अर्थ तुम्ही सांगितलात. तुम्ही शेजारच्या एरियाचे. माझ्या आकड्याशी तुमचा काही संबंध नव्हता.

मिरजेतला तो दिवस तुम्हाला आठवतही नसेल. सांगलीच्या आमच्या मुलाबरोबर मी एका फिजिशियनकडे निघालो होतो. तुम्ही तिथं तुमच्या कामानं आला होता, स्वतःचा कॉल उरकून बाहेर थांबला होता. आमचा नंबर लागला तसे तुम्ही उठलात, माझ्या खांद्यावरची बॅग काढून स्वतःच्या खांद्याला लावलीत आणि म्हणालात, "तुम्ही आत रिकाम्या हातानं जा. बोलायचं ते त्याला बोलू द्या."

निवृत्तीला आलेला माणूस पेशंटांच्या गर्दीत दुसऱ्याची बॅग घेऊन उभा. आणि आत मी, हातात ना व्हिज्युअल एड, ना सॅम्पल.

डायबेटिसचं आमचं मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइडचं कॉम्बिनेशन होतं. मुलानं ते नीट मांडलं. डॉक्टरांनी मध्येच विचारलं, "किडनी कमजोर असलेल्याला देऊ का?" मुलगा थांबला. ती शांतता मला सहन होत नव्हती. माझ्याकडे गोल-गोल उत्तर तयार होतं, आणि बॅग असती तर मी पान उघडलंच असतं. तेवढ्यात तो म्हणाला, "ईजीएफआर ३०च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन नको, सर. ३० ते ४५मध्ये असेल तर नव्यानं सुरू करू नये. अशा पेशंटसाठी मी तुमच्याकडे मागणार नाही." डॉक्टरांनी पहिल्यांदा त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. नंतर त्यांनी काहीतरी मला विचारलं, तर मी म्हणालो, "हे तेच सांगतील." हे वाक्य तुम्ही शिकवलेलं नव्हतं, पण बॅग तुमच्याकडे असल्यामुळे सुचलं.

बाहेर आल्यावर टपरीवर मी लगेच सुरू होणार होतो. तुम्ही मला थांबवून आधी मुलाला विचारलंत, "तुला कसा वाटला कॉल?" आपलं काय चुकलं ते त्यानंच सांगितलं. डॉक्टर सध्या कुणाचा ब्रँड लिहितात, हे न विचारताच त्यानं स्वतःचा मांडला होता. तुम्ही म्हणालात, "आज एवढंच पुरे. दहा चुका सांगितल्या तर एकही दुरुस्त होत नाही." मग त्याला शेजारच्या मेडिकलमध्ये पाठवलंत, खरोखर काय लिहिलं जातंय ते काउंटरवर विचारून यायला. महिन्याभरानं त्याच काउंटरवर आमच्या स्ट्रिप्स हलायला लागल्या होत्या. थोड्याच, पण मी मध्ये एकदाही त्या डॉक्टरांकडे गेलो नव्हतो.

दुसरी गोष्ट महिनाअखेरीची. त्याच मुलाचं टार्गेट अडलेलं होतं आणि वरून निरोप होता, "स्टॉकिस्टला माल टाका, महिना बंद करा." एमआर असताना आपल्या स्टॉकिस्टच्या गोडाउनात काय आहे ते मला तोंडपाठ असायचं. पाच जणांचं कसं असणार? तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, "आधी क्लोजिंग स्टॉक बघा." बघितलं. महिन्याच्या सुरुवातीला एका ब्रँडच्या १,२०० स्ट्रिप्स होत्या, कंपनीकडून ८०० आल्या आणि शेवटी १,५०० उरल्या. म्हणजे बाजारात गेल्या फक्त ५००. कंपनीच्या कागदावर ८००ची विक्री, आणि स्टॉकिस्टकडे तीन महिन्यांचा माल पडून. त्यावर आणखी टाकला असता तर तो महिना सुटला असता, पुढचे दोन रिकामे गेले असते आणि उरलेला माल एक्स्पायरी होऊन परत आला असता. तेव्हा तो मुलगाही बहुधा नोकरीत नसता.

मी माल टाकला नाही. रिव्ह्यूत चांगलाच सोलून निघालो. ज्यांनी मला सोललं त्यांनी क्लोजिंगचा कागद उलटूनसुद्धा पाहिला नाही. त्या रात्री तुमचा फोन आला. पोराला आता काय शिकवायचं, एवढंच बोललात. माझी समजूत काढत बसला नाहीत, याचं बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र मला कुणीच आधी सांगितली नव्हती, तुम्हीही नाही. ऑर्डर निघाली की जी किक बसायची, ती या कामात नाही. संध्याकाळी बायको विचारते, "आज काय केलंत?" आणि सांगण्यासारखं काही नसतं. कुणाचा तरी कॉल ऐकला, कुणाचा तरी टूर प्लॅन बदलला. आकडा हलतो तो दोन-तीन महिन्यांनी, आणि त्यावर नाव दुसऱ्याचं असतं. त्याची सवय व्हायला वेळ लागला. अजूनही एखाद्या जुन्या डॉक्टरांकडे स्वतःच जाऊन यावंसं वाटतं.

आपल्या क्षेत्रात हुशार माणसं पुष्कळ आहेत, सर. दुसऱ्याच्या एरियातला माणूस उभा राहावा म्हणून स्वतःचा अर्धा दिवस मोडणारी थोडी. त्यांना बक्षीस मिळत नाही, कारण अशा कामाला रिपोर्टमध्ये रकानाच नाही. तुमच्या निरोपाला मात्र हॉल कमी पडला. बाकीच्यांनी यावरून काय ते समजून घ्यावं.

आता रत्नागिरीचा आमचा नंबर एक मॅनेजरची जागा मागतोय. विकण्यात त्याचा हात कुणी धरत नाही, पण दुसऱ्याचा कॉल तो शांत बसून ऐकेल का, मला खात्री नाही. नाव पुढे करण्याआधी त्याला दोन दिवस सांगलीच्या मुलाबरोबर पाठवतोय, नुसतं ऐकायला. कसं झालं ते दोघांनाही वेगवेगळं विचारीन आणि मग तुम्हाला फोन करीन, रात्री नऊनंतर, तुमची शतपावली झाली की.

आपला,
कोल्हापूरचा एरिया मॅनेजर