सूचना: दुःखाची बातमी आल्यावर गाडी कोणी चालवायची

सर्व सभासदांसाठी,

रात्री गावाहून मरणाची बातमी येते आणि घरातला माणूस तसाच यवतमाळकडे निघतो. अशा वेळी त्याने स्टिअरिंगवर बसू नये. डोळे रस्त्यावर असले तरी मन तिथे नसते, त्यामुळे समोरच्या ट्रकचे ब्रेकलाइट दिसूनही पाय उशिरा हलतो. ताशी 80 किमी वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. दोन सेकंद हरवले की 44 मीटर गेले. त्यात 'अंत्यदर्शन चुकेल' या घाईने एरवी सोडून दिलेला ओव्हरटेक घेतला जातो.

शेजारी किंवा मित्र, ज्याची झोप झालेली आहे, त्याला चालवायला सांगा. रात्री ग्रुपवर विचारायला संकोच नको. तिकडे फोन करून 'आम्ही येईपर्यंत थांबा' एवढे कळवले की निम्मी घाई संपते. कोणीच मिळाले नाही तर गणेशपेठहून एसटी.

नाइलाजाने स्वतःच चालवत असाल तर फोन सोबतच्या माणसाकडे द्या. बुटीबोरीला थांबून स्वतःला विचारा: मागचे पाच किलोमीटर आठवतात का? आठवत नसतील, तर तिथून पुढे चालवू नका. चहाने झोप थोडी लांबते, लक्ष परत येत नाही.