विद्यार्थ्यांचा निबंध परक्या सर्व्हरवर जातो तेव्हा : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : विद्यार्थ्यांचे लेखन ‘एआय’ ओळखणाऱ्या संकेतस्थळांवर टाकण्याबाबत लेखी नियम करण्याची विनंती

माननीय महोदय,

मी एका तालुक्याच्या गावातील कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. या पत्रात ज्या चुकीबद्दल मी लिहिते आहे, ती आधी मी स्वतः केलेली आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकते.

गेल्या वर्षी अकरावीच्या वर्गाला मी ‘मला बदलून टाकणारा एक दिवस’ या विषयावर इंग्रजीत निबंध टाइप करून आणायला सांगितला होता. एका मुलीचा निबंध मला तिच्या नेहमीच्या लेखनापेक्षा फारच नीटनेटका वाटला, म्हणून मी तो जसाच्या तसा उचलून एका फुकट संकेतस्थळाच्या चौकटीत चिकटवला. काही सेकंदांत लाल पट्टी आली आणि मजकूर बहुतांशी यंत्राने लिहिल्याचा निर्वाळा मिळाला. दुसऱ्या दिवशी मुलीला बोलावले, तर तिने शंभरपानी वहीतला कच्चा खर्डा पुढे ठेवला. दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेली पहिली ओळ, समासात मराठीत लिहून ठेवलेले शब्द आणि त्यांचे शब्दकोशातून काढलेले इंग्रजी प्रतिशब्द, सगळे तिच्या हातचे होते. मी तिची माफी मागितली आणि विषय तिथे मिटला, असे मला वाटले.

तो मिटला नव्हता, हे तिच्या पुढच्या प्रश्नाने कळले. “मॅडम, तुम्ही टाकलेला निबंध आता कुठे आहे?” निबंधात तिने वडिलांना व्यसनमुक्ती केंद्रात नेले त्या दिवसाचे वर्णन केले होते. गावाचे नाव होते, आईच्या शिलाईच्या दुकानाचा चौक होता, पतसंस्थेच्या कर्जाचा उल्लेख होता. मुलीचे नाव मी चिकटवले नव्हते, पण आमच्या भागातला कोणीही माणूस हे दीड पान वाचून घर ओळखू शकला असता. तिने हे सारे माझ्यावर विश्वास ठेवून, फक्त माझ्यासाठी लिहिले होते.

मी त्या कंपनीला मजकूर काढून टाकण्याविषयी ईमेल केला. उत्तरात त्यांनी माझ्या खात्याचा ईमेल किंवा तपासणी अहवालाचा क्रमांक मागितला. मी खाते न उघडताच मजकूर टाकलेला असल्यामुळे माझ्याकडे दोन्हींपैकी काहीच नव्हते. मुलीकडे तर ते असण्याचा प्रश्नच नव्हता. निबंध तिचा, पण त्या कंपनीच्या लेखी ती अस्तित्वातच नाही.

महोदय, शिक्षकांच्या खोलीत या साधनांविषयी बोलणे होते ते त्यांच्या अचूकतेविषयी. ती चर्चा रास्तच आहे. ओपनएआय या कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचे असे एक साधन काढले आणि अचूकता कमी असल्याचे सांगून त्याच वर्षी जुलैमध्ये ते बंदही केले. पण साधन उद्या शंभर टक्के अचूक झाले, तरी त्या मुलीचा प्रश्न तसाच राहतो. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्याकडील असे साधन बंद केले, तेव्हा त्याच्या चुकांबरोबरच हेही नमूद केले होते की, विद्यार्थ्यांचे लेखन दुसऱ्या कंपनीच्या साधनात टाकणे ही खासगीपणाच्या दृष्टीने चिंतेची बाब आहे, कारण ती कंपनी त्या मजकुराचे काय करते हे ठाऊक नसते.

मजकूर टाकल्यावर होते काय, हे थोडे उलगडून सांगते, कारण माझ्या अनेक सहकाऱ्यांची समजूत अशी आहे की खिडकी बंद केली की मजकूर गेला. प्रत्यक्षात चौकटीत चिकटवलेला मजकूर तपासणीसाठी कंपनीच्या सर्व्हरवर जातो, आणि तो तिथे तासभर राहतो की कायमचा, हे त्या कंपनीच्या अटींवर ठरते. कित्येक फुकट सेवांच्या अटींमध्ये आलेला मजकूर ‘सेवा सुधारण्यासाठी’ वापरण्याची मुभा कंपनीने आधीच घेऊन ठेवलेली असते. लेखनातली उसनवारी, म्हणजे दुसरीकडून उचललेला मजकूर, तपासणाऱ्या साधनांचा प्रकार आणखी वेगळा आहे. त्यांच्यातील काहींचा पायाच मुळी साठवणीवर उभा आहे, कारण आज आलेला निबंध कोठारात ठेवला तरच उद्या आलेल्या निबंधाशी तो ताडून पाहता येतो. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीने हाच निबंध पुढच्या वर्षी एखाद्या स्पर्धेला पाठवला आणि तिथल्या परीक्षकांनी तेच साधन वापरले, तर तिचे लेखन तिच्याच जुन्या प्रतीशी तंतोतंत जुळेल आणि चोर ठरेल ती. काही साधनांत ‘कोठारात साठवू नये’ असा पर्याय असतो, पण तो संस्थेच्या खात्यातून निवडावा लागतो, आणि घाईत असलेल्या शिक्षकाचे तिकडे लक्ष जात नाही.

चिकटवण्याऐवजी अख्खी फाइल चढवली तर त्याहून अधिक काही जाते. आमच्याकडे बारावीच्या ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ या विषयाचे प्रकल्प बहुतेक वर्डच्या फाइलमध्ये येतात. अशी `.docx` फाइल म्हणजे खरे तर एक गठ्ठा असतो, आणि त्यात `docProps/core.xml` नावाचा एक छोटा कागद असतो. त्यावर फाइल कोणाच्या नावाच्या संगणकावर तयार झाली, शेवटचा बदल कोणी केला आणि केव्हा केला, हे लिहिलेले असते. मी माझ्याकडच्या काही फाइली उघडून पाहिल्या. कुठे वडिलांचे पूर्ण नाव होते, कुठे झेरॉक्सच्या दुकानाचे. फाइलचे नाव तर बहुधा मुलाचे नाव, तुकडी आणि हजेरी क्रमांक जोडूनच केलेले असते, आणि तशी शिस्त आम्हीच त्यांना लावलेली असते. हस्तलिखित पानाचा फोटो काढून चढवला, तर कोपऱ्यातले नाव दिसतेच, शिवाय फोनमध्ये ठिकाणाची नोंद चालू असेल तर फोटो कुठे काढला तेही त्यात असू शकते. एक सहकारी तर मराठी निबंध आधी भाषांतराच्या संकेतस्थळावर इंग्रजीत करून घेतात आणि मग तपासणीला टाकतात. मजकूर एकाऐवजी दोन ठिकाणी जातो, आणि यंत्राने केलेले भाषांतर यंत्राचे आहे, एवढेच निदान हाती येते.

यावर ‘कायदा आहे ना’ असे कोणी म्हणेल. आहे, आणि म्हणूनच आपल्याला लिहिते आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा केंद्रीय कायदा अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या प्रत्येकाला बालक मानतो, म्हणजे अकरावी-बारावीची बहुतेक मुले त्यात येतात. कागदावरची वैयक्तिक माहिती नंतर डिजिटल केली तरी तिला हा कायदा लागू होतो, म्हणजे वहीच्या पानाचा फोटोही सुटत नाही. बालकाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, असे त्याचे नववे कलम सांगते. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य तरतुदी अमलात येण्यासाठी त्यांत दीड वर्षाची मुदत दिली गेली.

या नियमांनी शैक्षणिक संस्थांना पालकांच्या संमतीतून काही सूटही दिली आहे आणि त्या सुटीचा आधार आमची संस्थाचालक मंडळी घेतील, याची मला खात्री आहे. परंतु ती सूट संस्थेच्या स्वतःच्या शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी मुलांवर लक्ष ठेवण्यापुरती आहे. एखाद्या तिसऱ्या कंपनीने निबंध साठवून स्वतःचे साधन सुधारावे, हे त्या सुटीत बसवता येईल असे मला वाटत नाही. शिवाय कायद्याच्या आठव्या कलमातील एक अट फारशी कोणी वाचलेली दिसत नाही. संस्थेने माहितीवरचे काम दुसऱ्याकडून करून घ्यायचे असेल तर ते वैध कराराखालीच करून घ्यावे आणि झाल्या प्रकाराची जबाबदारी मात्र संस्थेचीच राहावी, असे ते कलम सांगते. मी रात्री साडेदहा वाजता घरच्या लॅपटॉपवर ‘मान्य आहे’ या बटणावर टिचकी मारली, तो माझ्या महाविद्यालयाचा करार होता काय? प्राचार्यांना त्याचा पत्ताही नव्हता. आणि तो माझा व्यक्तिगत करार मानला, तर दुसऱ्याच्या मुलीचे लेखन वापरायला देण्याचा अधिकार मला कोणी दिला होता?

विद्यार्थ्यांच्या ‘अपार’ या कायमस्वरूपी ओळख क्रमांकासाठी आम्ही पालकांकडून संमतीपत्रे भरून घेतली. वर्गशिक्षकांनी त्यासाठी पालकांना किती फोन केले, ते त्यांनाच ठाऊक. क्रमांकासाठी सही लागते, आणि बापाच्या व्यसनाची हकिकत परदेशी सर्व्हरवर पाठवायला कोणाची मान हलवण्याचीही गरज पडत नाही, हे मला उलटे वाटते.

म्हणून माझी मागणी लहान आहे. विभागाने एक परिपत्रक काढावे आणि त्यात स्पष्ट म्हणावे की, ज्या साधनाशी संस्थेचा अथवा विभागाचा लेखी करार नाही, त्यात कोणत्याही विद्यार्थ्याचे लेखन, नाव काढूनसुद्धा, टाकू नये. नाव काढणे पुरेसे नसते, हे त्या दीड पानाने मला शिकवले आहे. करार असेल तिथे मजकूर साठवला जाणार नाही, कंपनीच्या स्वतःच्या कामासाठी वापरला जाणार नाही आणि ठरलेल्या मुदतीत पुसला जाईल, हे करारात असावे, आणि वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांना त्याची मराठीत कल्पना द्यावी. टक्केवारीचे स्क्रीनशॉट वर्गाच्या किंवा शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकण्यास मनाई असावी. हेही आमच्याकडे सर्रास चालते.

शंका आली तर शिक्षकाने करावे काय, हा प्रश्न सहकारी विचारतीलच. माझ्यापुरते मी आता निबंधाबरोबर कच्चा खर्डा मागते आणि शंका असेल त्या विद्यार्थ्याशी पाच-सात मिनिटे बोलते. हा शब्द का निवडलास, हा परिच्छेद आधी कुठे होता, असे विचारले की लिहिणारा सांगू लागतो आणि न लिहिणारा अडखळतो. बुजरी मुले स्वतः लिहूनही अडखळतात, म्हणून त्यांना वर्गातच दहा ओळी लिहायला देते. ऐंशी-नव्वद मुलांच्या तुकडीत याला वेळ लागतो, हे मी नाकारत नाही. पण शंका सगळ्यांविषयी नसते. माझ्या वर्गात गेल्या सत्रात ती चौघांविषयी आली होती.

प्रकल्प जमा होण्याचे दिवस दुसऱ्या सत्रात येतात. परिपत्रक त्याआधी शाळांपर्यंत पोहोचावे, एवढी विनंती आहे. त्या मुलीने यंदा बारावीत मला दिलेला पहिला निबंध पावसाळ्यावर आहे. व्याकरण निर्दोष आहे, आणि त्यात घरातले एकही माणूस नाही.

आपली नम्र,
कनिष्ठ महाविद्यालयातील एक शिक्षिका