मृत्युपूर्व जबानी : कागद कुठे तोकडा पडतो

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जळून मृत्यू पावलेल्या एका विवाहितेच्या खटल्यात आरोपी पतीची सुटका झाल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. 'मृत्युपूर्व जबानी असूनही सुटका' असे तिचे शीर्षक होते, आणि त्यानंतर आलेल्या वाचकांच्या पत्रांचा सूर असा होता की मरणारे माणूस खोटे बोलत नाही, तरी न्यायालयाने तिचे ऐकले नाही. मी महसूल खात्यात नायब तहसीलदार होतो आणि कार्यकारी दंडाधिकारी या नात्याने रुग्णालयातल्या खाटांशेजारी बसून मी असे पुष्कळ जबाब लिहून घेतले आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की असे खटले बहुधा न्यायालयात नव्हे, तर त्या खाटेपाशीच कच्चे राहतात.

मुळात ऐकीव पुरावा न्यायालय का नाकारते, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. 'मला अमक्याने असे सांगितले' असे साक्षीदार म्हणतो, तेव्हा सांगणारा अमका पिंजऱ्यात नसतो, त्याने शपथ घेतलेली नसते आणि त्याची उलटतपासणी घेता येत नाही. या नियमाला जे मोजके अपवाद आहेत, त्यांत मृत्युपूर्व जबानी सर्वांत महत्त्वाची. 1872च्या पुरावा कायद्याच्या कलम 32 मध्ये ती होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 26 मध्ये ती जवळपास त्याच शब्दांत आली आहे. इंग्रजी कायद्याच्या जुन्या परंपरेत मरण अटळ असल्याची जाणीव बोलणाऱ्याला असणे आवश्यक मानले जाई. आपल्या कायद्याने ती अट मुद्दाम ठेवलेली नाही. बोलणाऱ्याला जगण्याची आशा असली तरी चालते. त्याचे बोलणे स्वतःच्या मृत्यूच्या कारणाविषयी, किंवा ज्या घटनाक्रमातून मृत्यू ओढवला त्यातल्या परिस्थितीविषयी असले पाहिजे, आणि खटल्यात त्या मृत्यूचे कारण वादात असले पाहिजे.

'घटनाक्रमातली परिस्थिती' हे शब्द किती दूरवर जातात, ते 1939 साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या अंतिम अपील न्यायालयाने, पाकला नारायण स्वामी यांच्या खटल्यात ठरवून दिले. त्यातला मृत मनुष्य उसने दिलेले पैसे वसूल करण्यासाठी बरहमपूरला निघाला होता आणि कोणाकडे जातो आहे हे त्याने घरून निघण्यापूर्वी पत्नीला सांगितले होते. पुढे पुरी येथे रेल्वेच्या डब्यातल्या एका पेटीत त्याचा मृतदेह सापडला. बोलताना त्याच्या मनात मरणाची शंकाही नव्हती, तरीही ते बोलणे ग्राह्य ठरले. मात्र संबंध जवळचा हवा, निव्वळ संशय किंवा जुने वैर पुरत नाही, हेही त्याच निकालात आहे. पुढे 1984 साली शरद बिरधीचंद सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे विवाहितेने माहेरच्या माणसांना व मैत्रिणीला लिहिलेली पत्रे होती. विवाहानंतर थोड्याच महिन्यांत संशयास्पद मृत्यू झाल्यास असा पत्रव्यवहारही या तरतुदीत बसू शकतो, असे न्यायालयाने मानले. आरोपीला मात्र निर्दोष सोडले. पुरावा वाचायला घेणे आणि तो पटणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि आपल्या बातमीदाराने नेमकी हीच गल्लत केली आहे.

दुसऱ्या पायरीबद्दलचा कायदा नागपूरच्याच एका खुनाच्या खटल्यातून आला आहे. खुशाल राव विरुद्ध मुंबई राज्य या 1957 सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मृत्युपूर्व जबानीला दुसऱ्या पुराव्याचा दुजोरा हवाच, असा सरसकट नियम नाही. ती खरी आणि स्वेच्छेने दिलेली असल्याची खात्री पटली, तर केवळ तिच्या आधारे शिक्षा देता येते. त्या खटल्यात जखमी माणसाने डॉक्टर, पोलीस अधिकारी आणि दंडाधिकारी अशा तिघांना थोड्या थोड्या वेळाने तेच सांगितले होते. तरीही नाव घेतलेल्या दोघांपैकी एकाला उच्च न्यायालयाने संशयाचा फायदा दिला होता, कारण त्याच नावाची आणखी माणसे त्या वस्तीत राहत होती आणि नेमका कोण, हे विचारायला जबाब देणारा हयात नव्हता. उलटतपासणी नसणे म्हणजे काय, हे यावरून कळावे. जे प्रश्न वकिलाने पुढे विचारले असते, त्यांची उत्तरे त्या कागदावर आधीच असावी लागतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. भाजलेल्या रुग्णाचा जबाब घ्यायचा म्हणून पोलिसांचे पत्र आले की दंडाधिकाऱ्याने आधी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना भेटावे, रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत आहे का ते विचारावे, वेळ घालून त्यांचा शेरा घ्यावा, नातेवाईक व पोलीस यांना बाहेर काढावे, स्वतःची ओळख सांगावी, नाव-गाव-दिवस असे साधे प्रश्न विचारून भान आहे का ते स्वतः पाहावे, मग प्रश्नोत्तररूपाने आणि रुग्णाच्याच शब्दांत लिहावे, वाचून दाखवावे, सही किंवा अंगठा घ्यावा आणि शेवटी पुन्हा वेळेसह डॉक्टरांचा शेरा घ्यावा, अशी रीत आहे. हाताला पट्ट्या असतील तर पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतात आणि तसे लिहितात. ही बाब वरवर क्षुल्लक वाटते. पण 1998 सालच्या ग्यान कौर खटल्यात मृत स्त्री शंभर टक्के भाजलेली असताना जबाबावर अंगठ्याच्या रेषा स्पष्ट उमटलेल्या होत्या आणि त्याचा समाधानकारक खुलासा झाला नाही, म्हणून तो जबाब संशयास्पद ठरला.

यातली एखादी पायरी चुकली म्हणजे जबाब रद्द होतो, असे मात्र नाही. 'रुग्ण शुद्धीवर आहे' असा शेरा आहे, पण 'जबाब देण्यास मानसिकदृष्ट्या सक्षम आहे' असा नाही, एवढ्यावरून पूर्वी काही जबाब नाकारले गेले. 2002 साली लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो वाद मिटवला. डॉक्टरांचा शेरा हा सावधगिरीचा भाग आहे. जबाब घेणाऱ्याने स्वतः खात्री करून घेतली असेल आणि त्याची साक्ष विश्वसनीय असेल तर शेरा नसतानाही जबाब चालतो. जबाब वाचून दाखवल्याची नोंद नाही एवढ्याच कारणाने तो फेटाळता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानेही 2018 साली स्पष्ट केले आहे. थोडक्यात, न्यायालये कागदी त्रुटींवर बोट ठेवून आरोपी सोडतात हा समज गेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या निकालांशी जुळत नाही.

मग सुटका होते कशी? माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. साठ टक्क्यांच्या आसपास भाजलेल्या एका स्त्रीला रात्री साडेआठला अपघात विभागात आणले गेले, तेव्हा सोबत पती आणि दीर होते. केसपेपरवर 'स्वयंपाक करताना स्टोव्हचा भडका' अशी हकिगत लिहिली गेली. मी सव्वाअकराला पोहोचलो. तोवर तिची आई आलेली होती. डॉक्टरांनी शेरा दिला, मी सर्वांना बाहेर पाठवले आणि तिने मला शांतपणे सांगितले की पतीने रॉकेल ओतून पेटवले. तिसऱ्या दिवशी ती गेली. न्यायालयात बचावपक्षाच्या वकिलांनी मला तीनच गोष्टी विचारल्या. आई तिच्याजवळ किती वेळ बसली होती? नातेवाइकांना बाहेर काढल्याची नोंद जबाबात कुठे आहे? आणि तीन तासांपूर्वी तिने वेगळे का सांगितले, हे तिला विचारले होते का? पहिल्याचे उत्तर मला ठाऊक नव्हते, दुसरी नोंद मी केलेली नव्हती आणि तिसरा प्रश्न माझ्या मनातच आला नव्हता, कारण केसपेपर मी पाहिलाच नव्हता. अपघात विभागातल्या डॉक्टरांनाही ती हकिगत रुग्णाने सांगितली की सोबतच्या माणसाने, हे आठवेना.

न्यायाधीशांपुढे एकाच व्यक्तीच्या नावावर दोन परस्परविरोधी कथने होती, आणि दुसरा पुरावा नव्हता. अशा वेळी पहिले कथन किंवा दंडाधिकाऱ्याचे कथन आपोआप वरचढ ठरत नाही. प्रत्येक जबाबाच्या वेळी कोण जवळ होते, शिकवून बोलायला लावण्याची संधी कोणाला होती, हे तपासावे लागते. पती शेजारी उभा असताना तिने भीतीने स्टोव्हचे नाव घेतले असेल. आईने सांगितले म्हणून नंतर पतीचे नाव घेतले असेल. मला आजही तिने भीतीपोटीच स्टोव्हचे नाव घेतले असे वाटते. पण माझ्या वाटण्याला आधार देईल अशी एक ओळही मी लिहून ठेवली नव्हती, आणि न्यायाधीशांनी दिलेला संशयाचा फायदा योग्यच होता. त्यानंतर प्रत्येक जबाबात मी एक प्रश्न न चुकता विचारत आलो : 'याआधी कोणाला काही सांगितले का, काय सांगितले, आणि तेव्हा जवळ कोण होते?' हा प्रश्न उत्तर सुचवत नाही, आणि विसंगती असेल तर तिचा खुलासा तिच्याच तोंडून कागदावर येतो.

आपल्या एका पत्रलेखकाने विचारले आहे की रुग्ण वाचला तर त्या जबाबाचे काय होते. तो मृत्युपूर्व जबानी राहत नाही. बोलणारा हयात आहे, तेव्हा त्याने साक्षीला यावे लागते, आणि आधीचा जबाब त्याच्या साक्षीला दुजोरा देण्यासाठी किंवा विसंगती दाखवण्यासाठी वापरता येतो. साक्षीदार बेपत्ता झाला तरी त्याने पोलिसांना सांगितलेली हकिगत या अपवादात बसत नाही, कारण त्याच्या मृत्यूचे कारण वादात नसते. त्याच्यासाठी कलम 27 आहे. त्याने पूर्वी शपथेवर साक्ष दिली असेल आणि त्याच पक्षकारांमधल्या त्याच मुद्द्यावर समोरच्या पक्षाला उलटतपासणीचा हक्क व संधी मिळाली असेल, तर ती साक्ष पुढे वाचता येते.

आपल्याला विनंती एवढीच की अशा निकालाची बातमी देताना जबाब किती होते, ते कोणी व किती वाजता घेतले, आणि न्यायालयाने कोणता जबाब कोणत्या कारणाने नाकारला, एवढे तरी छापावे. ज्या बातमीवरून हे पत्र लिहितो आहे, त्यात अपघात विभागाच्या केसपेपरचा उल्लेख शेवटच्या ओळीत येऊन गेला आहे, पण ती हकिगत कोणी सांगितली होती ते दिलेले नाही. निकालपत्रात ते असणार. आपल्या प्रतिनिधीने ते पाहून वाचकांना कळवावे.

आपला,
एक निवृत्त नायब तहसीलदार