दहा टक्के कुणीही खाल्लेले नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतल्या बॅटरीवरच्या लेखाबद्दल लिहितो आहे. लेख चहाबरोबर वाचला, कपाळाला आठ्या पडल्या आणि पेपर बाजूला ठेवला. पत्र लिहायचं मनात नव्हतं. पण सोमवारी सकाळी शेजारचा मुलगा त्याच पानाची घडी घेऊन दारात उभा. त्याची ई-स्कूटर आहे, हप्ते अजून फिटायचेत. म्हणाला, "काका, बघा की, आमचं दहा टक्के कंपनीवालेच खात्यात म्हणं. पेपरातच आलंय." संध्याकाळी फिरायला गेलो तर रंकाळ्यावर आणखी दोघांनी तेच विचारलं. तेव्हा आता लिहिणं आलं.

लेखकाची दोन वाक्यं अशी आहेत. एक, लिथियम-आयन सेलमध्ये ॲनोडची, म्हणजे ऋण बाजूची, क्षमता कॅथोडपेक्षा, म्हणजे धन बाजूपेक्षा, दहा टक्क्यांच्या आसपास जास्त ठेवतात. दोन, ही जादा क्षमता गिऱ्हाइकाला कधीच वापरायला मिळत नाही. दोन्ही वाक्यं खरी आहेत. त्यावरून काढलेला 'लपवलेले दहा टक्के' हा अर्थ मात्र साफ चुकीचा आहे. असं जमवायलाही कसब लागतं, ते मान्य करतो.

कारखान्यातून सेल बनून निघतो तेव्हा कामाचं सगळं लिथियम कॅथोडमध्ये असतं. ॲनोड म्हणजे तांब्याच्या फॉइलवर लावलेलं ग्रॅफाइट, आणि ते त्या वेळी रिकामं असतं. चार्ज करताना लिथियम कॅथोडमधून निघून ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतं, वापरताना परत येतं. म्हणजे स्कूटर किती चालणार हे कॅथोड किती लिथियम देतो त्यावर ठरतं. ॲनोडची क्षमता म्हणजे फक्त बसायची जागा. जागा दहा टक्के जास्त ठेवली म्हणून कुणाचं लिथियम कमी होत नाही, आणि ती काढून टाकली म्हणून वाढतही नाही. दूध तापवायला आपण दुधाच्या मापाचं पातेलं घेतो का? थोडं मोठंच घेतो. पातेल्याची वरची रिकामी चार बोटं दूधवाल्याने चोरली, असं गंगावेशीत जाऊन कुणी म्हणून बघावं.

आता हे दूध उतू गेलं तर काय होतं, ते लेखात आलंच नाही. ग्रॅफाइट पूर्ण भरत आलं की त्याचा व्होल्टेज लिथियम धातूच्या व्होल्टेजपेक्षा जेमतेम ०.१ व्होल्ट वर असतो. जोरात चार्ज केलं किंवा थंडी असली की तेवढंही अंतर उरत नाही. ते शून्याखाली गेलं की येणारं लिथियम आत शिरण्याऐवजी ग्रॅफाइटच्या पाठीवरच धातू म्हणून साचतं. ते पत्र्यासारखं सपाट बसत नाही, शेवाळासारखं फुगतं. त्यातलं काही परत जातं, काही सुटं पडून कायमचं मरतं, काही आतल्या द्रवाशी रासायनिक क्रिया करून संपतं. आणि त्याची एखादी सुई वाढत वाढत सेपरेटर, म्हणजे दोघांमधला पातळ पडदा, ओलांडून कॅथोडला टेकली तर आतच शॉर्ट.

'मग बरोबरीत का ठेवत नाहीत' असं लेखकाने मोठ्या टेचात विचारलं आहे. हिशेब करून बघू. कॅथोडच्या एका चौरस सेंटिमीटरमधून पहिल्या चार्जला ३ एमएएच इतकं लिथियम निघतं असं धरा. मोबाइलच्या बॅटरीवर लिहितात तेच हे एमएएच. एन/पी रेशो, म्हणजे ॲनोडची क्षमता भागिले कॅथोडची, १.१ ठेवायचा तर समोरच्या ग्रॅफाइटमध्ये ३.३ एमएएच जागा हवी. चांगलं ग्रॅफाइट ग्रॅमला सुमारे ३५० एमएएच घेतं, आणि कोटिंगमध्ये ९५ टक्के ग्रॅफाइट, बाकी चिकटवणारा पदार्थ वगैरे. म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण १० मिलिग्रॅम कोटिंग आलं. त्यात 'फुकटचं' म्हणाल तर ०.९ मिलिग्रॅम.

पण हे झालं कागदावर. कोटिंगच्या मशीनवर मी नऊ वर्षं काढली आहेत. रोलमधून दर थोड्या अंतराने गोल चकती कापायची आणि तराजूवर टाकायची; दोन चकत्यांचं वजन कधी तंतोतंत सारखं आलेलं मला आठवत नाही. दोन टक्के इकडेतिकडे म्हणजे चांगला दिवस. आता लेखकाच्या मनासारखं करू, बरोबरीच्या जवळ, १.०२ ठेवू. एखाद्या ठिकाणी कॅथोड दोन टक्के जाड लागला, म्हणजे ३.०६. नेमका त्याच्या समोर ॲनोड दोन टक्के पातळ, म्हणजे ३.०६ चे झाले ३. त्या जागी ०.०६ एमएएच लिथियमला बसायला जागाच नाही. रेशो १.१ असता तर हीच चूक होऊनही १.०५ च्या वर उरला असता आणि कुणाला कळलंही नसतं. ते ०.९ मिलिग्रॅम कशासाठी ठेवतात, ते आता लेखकाच्या लक्षात यावं.

झालं ते इथंच थांबलं असतं, पण लेखात 'फुकटचं ग्रॅफाइट' हे शब्द वाचले आणि माझ्या डोक्यात जुनी कळ उठली. हेच शब्द मी पूर्वी ऐकले आहेत, एका मीटिंगमध्ये, आमच्या साहेबांच्या तोंडून. कारखान्याचं नाव सांगत नाही.

आमच्या पाऊच सेलमध्ये ॲनोडचा तुकडा कॅथोडपेक्षा चारही बाजूंनी १ मिलिमीटर मोठा कापलेला असायचा, आणि सेपरेटर त्याहून मोठा. जाडीतला दहा टक्क्यांचा हिशेब वेगळा आणि ही कडेची मिलिमीटर वेगळी, पण कारण तेच: कॅथोडच्या प्रत्येक कणासमोर ग्रॅफाइट असलंच पाहिजे. साहेबांनी तांब्याच्या फॉइलचा खर्च काढला आणि ॲनोड कापायची डाय बदलून कॅथोडच्या मापाची करून घेतली. मी लेखी कळवलं की स्टॅकिंगमध्ये, म्हणजे तुकडे एकावर एक रचताना, अर्धा मिलिमीटर सरकतंच, असं करू नका. कागद फाइलला लागला. पहिल्या आठवड्यात एकही सेल नापास झाला नाही, क्षमता पूर्वीइतकीच. होणारच, क्षमता कॅथोडची असते. साहेबांनी पेढे वाटले नाहीत एवढंच.

पहिली खूण चार्जिंगच्या टेबलवर दिसली. जेवढं चार्ज आत घातलं आणि जेवढं परत मिळालं, त्यातला फरक जुन्या सेलपेक्षा किंचित जास्त येऊ लागला. मग पूर्ण चार्ज करून सेल नुसता ठेवला, तर व्होल्टेज एरवी जसा सरळ उतरत जातो तसा न उतरता मध्ये थोडा वेळ अडून राहायचा आणि मग उतरायचा. साचलेलं लिथियम आत जिरेपर्यंतची ती अढी असते. सत्तरेक चार्जनंतर क्षमता घसरायला लागली, तेव्हा एक सेल भरलेल्या अवस्थेत आर्गॉनच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये उघडला. (हे घरी करू नये, पेट घेतो.)

ते मला अजून दिसतं. पूर्ण भरलेलं ग्रॅफाइट काळं राहत नाही, सोनेरी होतं. सगळा तुकडा कोल्हापुरी साजासारखा पिवळाधमक. उजव्या कडेला तो रंग फिका पडत तांबूस आणि शेवटी काळा झालेला, म्हणजे तिथे जागा रिकामीच राहिली होती. आणि डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत पेन्सिलच्या रेघेएवढी राखाडी पट्टी, चमक नसलेली, चिमट्याने खरवडली की भुरभुरणारी. स्टॅक अर्धा मिलिमीटर सरकला होता. डावीकडे कॅथोडची कड ग्रॅफाइटच्या बाहेर डोकावत होती, आणि तिचं सगळं लिथियम ॲनोडच्या शेवटच्या कडेवर येऊन साचलं होतं.

अहवालात काय लिहिलं गेलं? 'स्टॅकिंगमधील मानवी चूक.' स्टॅकिंगवर एक मुलगी होती, कागलकडून यायची, हात अतिशय साफ. तिचा अर्धा मिलिमीटर आधीही सरकत असणारच, कुणाचाही सरकतो; पूर्वीची १ मिलिमीटर कड तो पोटात घालायची. त्या वर्षी तिची पगारवाढ अडली. डाय गुपचूप जुनी लावली गेली. माझ्या कागदाचा उल्लेख कुठेच नाही. तेव्हा 'फुकटचं ग्रॅफाइट' असं छापताना, संपादक महाशय, जरा जपून.

'एवढं चांगलं असेल तर ॲनोड दुप्पट करा की', असं कुणी म्हणेल. तसंही चालत नाही. पहिल्या चार्जला ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर एक पातळ थर बसतो आणि शंभरातलं सहा ते दहा लिथियम त्यात कायमचं अडकतं. पातेलं जितकं मोठं, तितकं त्याच्या अंगाला दूध जास्त लागतं. शिवाय जादा ग्रॅफाइट अर्धवटच भरलं की त्याचा व्होल्टेज थोडा वर राहतो, आणि सेल ४.२ व्होल्टवर चार्ज करताना कॅथोडला तेवढं जास्त वर ताणावं लागतं. ते त्याच्या तब्येतीला बरं नाही. म्हणून ग्रॅफाइटच्या सेलमध्ये १.०५ ते १.२ च्या दरम्यान गाडी थांबते. लिथियम टायटनेटचा ॲनोड असेल तर गोष्ट निराळी, तो लिथियमच्या १.५५ व्होल्ट वर असतो, तिथे साचण्याची भीती नाही. आणि हेही सांगतो, की दहा टक्के जागा आहे म्हणून मनालीच्या थंडीत जोरात चार्ज केलेलं खपत नाही. आत जागा असते, पण लिथियम तिथवर वेळेत पोचत नाही.

जाता जाता आणखी एक. लेखात सगळीकडे 'धनाग्र मोठे ठेवतात' असं छापलं आहे. शाळेच्या पुस्तकात ॲनोडला धनाग्र म्हणतात ते विद्युत अपघटनाच्या धड्यात, तिथे तो बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला असतो. खुद्द सेलमध्ये ज्याला ॲनोड म्हणतात तो ऋण बाजूचा. त्यामुळे तुमच्या वाचकांनी प्लसची बाजू मोठी असते असं वाचलं, म्हणजे बरोबर उलटं. शेजारच्या मुलाने तर स्कूटरच्या लाल वायरकडे बोट दाखवून विचारलं, "ह्येच का मोठं असतंय?" सरळ ॲनोड लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

पत्र छापणार असाल तर ०.०६ चं ०.६ होणार नाही एवढं बघा. आणि गाव कोल्हापूर आहे. गेल्या खेपेला माझ्या पत्राखाली तुम्ही 'सांगली' छापलं होतं, त्याची दुरुस्ती अजून आलेली नाही.

आपला,
एक निवृत्त वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर